हात लावला की चाल

एवारिस्तोच्या घरात पटाचा एकच कायदा: सोंगटीला हात लावला की ती चालवलीच पाहिजे. रोसारियो शहरातल्या त्या जेवणाच्या टेबलावर साठ वर्षं तो पाळला गेला, आणि सगळ्यांत कडक पाळायची त्याची थोरली बहीण नेलिदा.

दुखण्यामुळे ती बाहिया ब्लांकाला लेकीकडे गेली आणि पट मिटला. मग तिच्या लेकीने, ग्रासिएलाने, दोघांच्या कॉम्प्युटरवर एक खेळ बसवून दिला. गावं वसवायची, शेतं पिकवायची, दिवसाला एकच पाळी.

"हा काय खेळ म्हणायचा?" एवारिस्तो फोनवर करवादला. "वीस पाळ्या झाल्या, एकही सैनिक मेला नाही!"

"आधी कोठार भर, लुकड्या," नेलिदा म्हणाली. " उपाशी गाव वाढत नाही. पट एका संध्याकाळात उरकायचा, हा पुरवून खेळायचा."

पण त्याला उरकायचंच होतं. डॉक्टरांनी नेलिदाला वसंतापर्यंतचीच मुदत सांगितली होती. हरो वा जिंको, तिच्याबरोबरचा शेवटचा डाव त्याला पुरा हवा होता. म्हणून तो सरहद्दीवर गुपचूप फौज जमवत राहिला. पडद्यावर तिचा मुलुख त्याला अंधारातच होता.

सत्तराव्या पाळीला तिने तह मागितला. तहात एकमेकांचा मुलुख दिसतो. अंधार सरला तर काय, सरहद्दीवर तिचा एक शिपाई नाही! मधोमध एक नाटकशाळा बांधायला घेतलेली, खाली ती पुरी व्हायचा आकडा. बाकी पाळ्या: साठ.

"साठ? नेलिदा, शुद्धीवर आहेस ना?"

"घाई कुणाला आहे?" ती म्हणाली.

त्या दिवशी 'माते' नावाच्या पानांचा कडू चहा त्याच्या हातात निवून गेला. त्याने फौज मागे घेतली.

नेलिदा त्यानंतर नऊच पाळ्या खेळली.

दफनानंतर आठवड्याने त्याने खेळ उघडला. पडद्यावर लिहिलं होतं: नेलिदाच्या पाळीची वाट पाहत आहे. तिच्या जागी यंत्राने खेळावं का?

"राहू दे ना मामा तसंच," ग्रासिएला फोनवर म्हणाली.

"एक्कावन्न पाळ्या उरल्यात गं. नाटकशाळा अर्धवट कशी ठेवायची?" त्याने 'हो' दाबलं.

दुसऱ्या दिवशी खेळातली पाळीची नोंद वाचतो तर बांधकाम बंद. यंत्राने तिच्या कोठारातलं धान्य उपसून भालेकरी उभे केले होते. तह मोडला होता, आणि तिचा मुलुख पुन्हा अंधारात गेला होता.

"मामा, कालचा साठवलेला डाव उघडता येतो. सांगू कसा ते?"

"नको. हात लावला मी."

भालेकरी चार पाळ्यांत त्याच्या वेशीवर येणार होते. त्याने आपल्या गावात नाटकशाळा बांधायला घेतली. बाकी पाळ्या: साठ.

त्याने पाळी संपवली.