शेहेचाळिसावा परिच्छेद

संपादकबाईंचं पत्र शुक्रवारी सकाळी आलं आणि माझी जेवणावरची वासनाच उडाली. लेख घेते, पण पाच हजार शब्दांत, तोही सोमवारी दुपारी बाराच्या आत. नाहीतर अंक तुमच्याशिवाय छापायला जाईल. माझा लेख आठ हजार नऊशे शब्दांचा होता. खाली आणखी एक ओळ होती: ‘तुम्ही एकच गोष्ट चार-चार वेळा सांगता आणि मधेच भलतीकडे निघून जाता.’ पस्तीस वर्षं जलशुद्धीकरण केंद्रात काढलेल्या माणसाला हे असं तोंडावर ऐकून घ्यायची सवय नसते. तासभर मी घरात धुसफुसत फिरलो.

लेख छापून यावा ही माझी हौस असती, तर मी तो फाडून टाकला असता. पण तो पहिलवानासाठी होता. पहिलवान आमच्याकडे ऑपरेटर. अंगाने काडी, म्हणून पहिलवान. अकरा वर्षांपूर्वी एका गुरुवारी दुपारी त्याच्या पाळीत क्लोरीनचा सिलिंडर गळला. शेजारच्या वस्तीतली सोळा माणसं दवाखान्यात गेली. सगळी वाचली, पण चौकशी झाली. नियम असा, की गळती दिसली की भोंग्याचं बटण दाबायचं आणि मग व्हॉल्व्ह बंद करायला जायचं. भोंगा होता वस्तीच्या टोकाला. पंपांच्या आवाजात आत तो ऐकूही येत नसे. पहिलवानाने बटण दाबलं, तोंडाला मुखवटा लावला आणि अकरा मिनिटं व्हॉल्व्हशी झटला. बाहेर येऊन बघतो, तर वस्ती जागच्या जागी. भोंगा सोमवारपासून बिघडलेलाच होता. अहवालात आलं: भोंगा बंद असल्याचं माहीत असूनही ऑपरेटरने वस्तीला सावध करायला फाटकावर फोन केला नाही. त्याची नोकरी गेली. दोन वर्षांपूर्वी तोही गेला. दिवसकार्य आटोपल्यावर त्याच्या पत्नी, आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही तिथे होतात. एकदा सगळं नीट लिहा.”

मी तिथे होतो, म्हणजे पाळीप्रमुख होतो. म्हणून लिहिलं. बावन्न परिच्छेद लिहिले.

शनिवारी सकाळी कागदांची चळत घेऊन ताईच्या मुलीकडे गेलो. ती कॉलेजात मुलांना निबंध-प्रबंध लिहायला शिकवते. लहानपणी मी तिला सायकल शिकवली होती आणि दोनदा पाडलीही होती, त्याचे उट्टे ती अजून काढते. तिने लेख वाचला नाही. आधी चळतीची जाडी बघितली, मग म्हणाली, की आता याचा उलटा आराखडा काढायचा. लिहायच्या आधी आराखडा करतात तो सुलटा. लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाला आकडा द्यायचा आणि तो काय सांगतो ते एका ओळीत वेगळ्या पट्टीवर उतरवायचं, तो उलटा. मग लेख बाजूला ठेवून नुसत्या पट्ट्या वाचायच्या.

मला वाटलं, एवढंच ना. दोन तासांत बावन्न पट्ट्या करून तिच्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. प्रस्तावना. केंद्राची माहिती. भोंग्याविषयी. पत्रव्यवहार. पुन्हा भोंग्याविषयी. तिने चष्मा वर सारला आणि सगळ्या पट्ट्या गोळा करून माझ्या हातात परत दिल्या.

“मामा, ही अनुक्रमणिका झाली. ‘भोंग्याविषयी’ म्हणजे काय? भोंग्याविषयी तू म्हणतोस काय, ते लिही. पूर्ण वाक्य. आणि तुला काय म्हणायचं होतं ते नाही. कागदावर जे आहे तेच.”

मी म्हटलं, माझ्या मनातलं आणि कागदावरचं वेगळं कशाला असेल? ती चहा टाकायला उठली. मला तिचा राग आला. खरं सांगायचं तर राग नव्हता, धाकधूक होती. मुलगी बरोबर बोलतेय हे मला आधीच कळलं होतं.

पूर्ण वाक्यं लिहायला लागलो आणि घाम फुटला. एका परिच्छेदाला एक ओळ पुरेना, दोन लागल्या. म्हणजे त्यात दोन विषय कोंबलेत, फोड, असं ती म्हणाली. एकाला ओळच सापडेना. तो नुसता शोभेचा होता. तो गेला. सगळ्यात वर तिने माझ्याकडून लेखाचं मुख्य म्हणणं एका वाक्यात लिहून घेतलं: ‘चूक पहिलवानाची नव्हती, भोंग्याबद्दलच्या माझ्या पत्राकडे दुर्लक्ष करणाऱ्या मोठ्या साहेबांची होती.’ मग प्रत्येक पट्टी या वाक्याला धरून आहे का ते बघायचं. एकाच अर्थाच्या पट्ट्यांवर एका रंगाची खूण, भरकटलेल्यांवर फुली.

संध्याकाळपर्यंत टेबलावर नुसता लाल रंग झाला. चार, अकरा, सतरा, अठ्ठावीस, एकोणचाळीस: पाचही पट्ट्यांवर एकच, ‘भोंगा दुरुस्त करा असं पत्र मी सोमवारीच वर पाठवलं होतं.’ पाच वेळा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाची म्हणाली, यातला सगळ्यात चांगला एक ठेव, बाकीच्यांत एखादा नवीन तपशील असेल तर तो त्यात घाल आणि चारही उडव. मग गाळण्यांचा इतिहास उडाला, मोठ्या साहेबांचा स्वभाव उडाला, पाण्याच्या राजकारणावरचं माझं लाडकं दीड पान उडालं. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ जिथे जिथे होतं तिथे आता वर काहीच उरलं नव्हतं, तेही सगळं काढावं लागलं. रविवारी दुपारी मोजलं तर पाच हजार आठशे भरले.

आठशे जास्त. आणि फुली मारलेल्यांपैकी एकच गठ्ठा उरला होता: त्रेचाळीस ते सत्तेचाळीस, पहिलवानाच्या घरच्या गोष्टी. त्याचा ट्रान्झिस्टर, त्याचं मोजून दोन पोळ्या खाणं, त्याच्या आईचं आजारपण. सगळे मिळून नऊशे शब्द. भाची म्हणाली, हे छान आहे पण विषयांतर आहे, वेगळ्या फाइलीत ठेव, मुख्य लेखातून काढ. चार हजार नऊशेवर येशील आणि मोकळा होशील. त्या पाचांच्या नीट ओळी मी अजून लिहिल्या नव्हत्या. पहिलवानाच्या घरच्या गोष्टी, एवढंच खरडलं होतं. ती आत मुलांचे पेपर तपासायला गेली. मी जाता जाता त्या ओळी पुऱ्या करायला बसलो, निव्वळ शिस्त म्हणून.

शेहेचाळिसाव्याशी आलो. आईचं ऑपरेशन, त्यासाठी गावी जाणं, परतीच्या गाडीतली गर्दी, असं बरंच काही त्यात होतं. कागदावर जे आहे तेच लिहायचं, म्हणून लिहिलं: ‘आठ दिवसांची रजा संपवून गुरुवारी दुपारी पहिलवान स्टेशनवरून थेट पाळीवर आला.’

पट्टी ठेवायला जागा शोधली. टेबलावर रिकामी जागा होती ती नवव्या पट्टीशेजारी. तिच्यावर माझ्याच अक्षरात होतं: ‘भोंगा बंद आहे, गळती झाली तर आधी फोन करा, असं मी सोमवारी सगळ्या ऑपरेटरांना समक्ष सांगितलं.’

सोमवारी तो गावी होता.

मी दोन्ही पट्ट्या पुन्हा वाचल्या. लेखात या दोन गोष्टींमध्ये छत्तीस परिच्छेद होते, म्हणून त्या कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. माझ्या डोक्यातही नाही. चौकशीत मला एकच प्रश्न विचारला होता: सगळ्या ऑपरेटरांना कल्पना होती का? मी म्हटलं होतं, हो, मी स्वतः सांगितलं. पहिलवान म्हणाला होता, मला कोणी सांगितलं नाही. ते सबब म्हणून धरलं गेलं. मीही सबबच धरली. बिचारा विसरला असेल, असं अकरा वर्षं अगदी मायेने म्हणत आलो. गुरुवारी तो पाळीवर आला तेव्हा मी त्याच्याशी काय बोललो, ते मला आता स्वच्छ आठवत होतं. आईची चौकशी केली होती. तेवढीच.

आणि खोटं कशाला बोलू, पहिला विचार काय आला असेल तर हा, की भाचीने फुली मारलीच आहे. विषयांतर आहे. नियमाप्रमाणे काढायचंच आहे. काढलं की शब्दही बसतात, पहिलवानही सुटतो, साहेब अडकतात आणि मला कोणी काही विचारणार नाही. शेहेचाळिसावा परिच्छेद मी खरोखर कापून दुसऱ्या फाइलीत टाकला. मग पाच-दहा मिनिटं तसाच बसलो. परत आणला. पुन्हा टाकला.

शेवटी भाचीला हाक मारली आणि दोन पट्ट्या तिच्यासमोर सरकवल्या. तिने वाचल्या, वार बोटांवर मोजले आणि खुर्ची ओढून बसली.

“मामा, हे मग विषयांतर नाही,” ती म्हणाली. “बाकीचा लेखच विषयांतर आहे.”

वरचं मुख्य वाक्य मी खोडलं. ‘चूक पहिलवानाची नव्हती’ एवढं ठेवलं आणि पूर्णविराम दिला. त्या वाक्याशी ताडून सगळ्या पट्ट्या पुन्हा लावल्या, तेव्हा माझ्या पत्राचा तो एकुलता एक उरलेला परिच्छेदही चार ओळींवर आला. साहेबांनी दुरुस्ती केली नाही हे खरंच होतं, ते राहिलं; पण मी किती जागरूक होतो याची पानंच्या पानं होती, ती गेली. नववा आणि शेहेचाळिसावा एकत्र करून नवा परिच्छेद लिहिला. लेख चार हजार सहाशे भरला. इतका लहान लेख लिहायला मला इतकी भीती कधी वाटली नव्हती.

सोमवारी पाठवण्याआधी वहिनींकडे गेलो. त्या शिवणाच्या दुकानात काम करतात; दुकान नुकतंच उघडलं होतं आणि त्या एका झग्याला अस्तर लावत होत्या. छापून आल्यावर त्यांनी ते वाचावं आणि मी घरात लपून बसावं, हे काही मला जमणारं नव्हतं. प्रास्ताविक वगैरे न करता त्या परिच्छेदाचा कागद काढला आणि वाचला: भोंगा सोमवारी बिघडला, ऑपरेटर तेव्हा रजेवर होता, गुरुवारी आला, आणि भोंगा बंद असल्याचं त्याला सांगणं माझं काम होतं. मी सांगितलं नाही. चौकशीत मी सांगितलं असं म्हटलं.

मशीन थांबलं. त्या रागावतील, रडतील, बाहेर जा म्हणतील, अशी सगळी तयारी करून मी उभा होतो.

“परत वाचा,” त्या म्हणाल्या.

मी परत वाचलं.

“नुसतं ते वाक्य.”

“मी सांगितलं नाही.”

वहिनींनी अस्तराचं कापड मांडीवर घेतलं आणि उगाचच सारखं करत राहिल्या. “शेवटी शेवटी ते म्हणायला लागले होते, की मला सांगितलं असणार, मीच विसरलो असेन,” त्या म्हणाल्या. “माझ्यामुळे सोळा माणसं गेली असती, असं म्हणायचे. मीही म्हणायचे, की जाऊ द्या, होतं माणसाकडून.”

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. साडेअकरा होत होते.

“पाठवा,” त्या म्हणाल्या, आणि मशीनवर पुन्हा वाकल्या.