रस्ता मागायचा नव्हता

संयोगिताच्या हातात पोस्टानं आलेलं पत्र होतं आणि तहसील कचेरीच्या तळमजल्यावरच्या आवक खिडकीसमोर उभी राहून ती इतक्या मोठ्यानं बोलत होती, की झेरॉक्सच्या रांगेतली माणसं मागं वळून बघायला लागली होती.

"नवीन रस्त्यासाठी नकाशा आणा म्हणं! लगतच्या शेतकऱ्यांची नावं आणा म्हणं! आवं, मी नवीन रस्ता मागितलाच कुठं? माझा रस्ता हाय की तिथं! माझ्या सासऱ्याच्या आधीपासनं हाय!"

खिडकीपलीकडं अनेकांत बसला होता. तिशीचा, चष्मेवाला, समोर शिक्के आणि अर्जांचा ढीग. त्यानं हात पुढं केला. "द्या बघू ते पत्र."

"बघून काय करणार? तुम्हीच टाकलंय की हे भलत्याच टेबलावर!"

कळंब्याच्या पुढं संयोगिताचा मळा होता. सहा म्हशी होत्या आणि त्या तीच सांभाळायची. नवरा विश्वजित शिरोलीच्या कारखान्यात पाळीनं जायचा. मळ्यातनं डांबरी रस्त्यापर्यंत गाडीवाट होती, ती चुलत दीर उदयसिंहच्या गटातनं जायची. जूनच्या पंधरा तारखेला उदयसिंहनं जेसीबी आणला आणि त्या वाटेवर आडवी चर मारली. चरीच्या अलीकडं दगड रचले, वर काटेरी तार ओढली. "माझ्या रानातनं कुणाचा बाप जाणार न्हाय," म्हणाला. त्या दिवसापासनं संयोगिता दुधाच्या किटल्या डोक्यावर घेऊन दुसऱ्याच्या बांधावरनं चिखलात चालत होती.

पाच दिवसांनी तिनं पहिला अर्ज केला. चार पानं. रात्रंदिवस मनात उकळत होतं ते सगळं त्यात ओतलं. भाऊबंदकी, शिव्या, सासूच्या आजारपणात कुणी काय केलं, सगळं. वर विषय लिहिला, 'माझ्यावर झालेल्या घोर अन्यायाबाबत.' तो अर्ज तक्रारींच्या टेबलावर गेला, तिथनं पोलीस ठाण्यात. दीड महिन्यानं हवालदारानं बोलावून सांगितलं, की ही जमिनीची भानगड, आमच्याकडं काही होत न्हाय, तहसीलला जा. तिथनंच तर अर्ज आला होता!

ऑगस्टमध्ये दुसरा अर्ज. यावेळी एकच पान आणि विषय साधा, 'शेतात जाण्यासाठी रस्ता मिळणेबाबत.' त्याचं उत्तर आज तिच्या हातात होतं.

आणि मधल्या काळात, गणपतीच्या आधल्या आठवड्यात, तिची सगळ्यात चांगली म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं. डॉक्टर जीप घेऊन निघाले ते चरीपाशी थांबले. औषधांची पेटी, दोर, सगळं घेऊन चिखलातनं फिरून येईपर्यंत पाऊण तास गेला. म्हैस गेली, रेडकूही गेलं. डॉक्टर हात धूत म्हणाले, "वीस मिनिटं आधी आलो असतो तर." ते वाक्य संयोगिताच्या डोक्यातनं जात नव्हतं.

अनेकांतनं पत्र वाचलं आणि तोही चिडला.

"ताई, विषय काय लिहिलाय तुम्ही? 'रस्ता मिळणेबाबत.' ज्याला रस्ता न्हाय तो असं लिहितो. बांधावरनं नवीन रस्ता मागायचा असतो त्याचं टेबल वेगळं हाय. मी तिथंच पाठवणार की!"

"आणि खाली लिहिलंय ते? उदयसिंहनं चर मारली, वाट अडवली, सगळं लिहिलंय खाली!"

"रोज दीडशे-दोनशे अर्ज येतात या खिडकीला. मी एकटा हाय." त्यानं ढिगावर हात आपटला. "विषय वाचतो, नंबर टाकतो, टेबल लिहितो. खालची पानं वाचत बसलो तर रांग गेटपर्यंत जाईल. मग तिथनं शिव्या खायच्या."

"म्हंजे मी पानंच्या पानं लिहिली ती कुणासाठी? उंदरांसाठी?"

अनेकांतनं पत्र पुन्हा उचलून दुसऱ्याच आवाजात विचारलं, "चर कधी मारली?"

"पंधरा जून."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. "आज बारा डिसेंबर. गुरुवार. ताई, चालू वाट अडवली तर मामलेदार न्यायालयाच्या कायद्यानं इथंच, तहसीलदारांपुढं दावा करायचा असतो. कलम पाच. पण अडवल्यापासनं सहा महिन्यांच्या आत. चौदाला शनिवार, कचेरी बंद. तुमच्या हातात आज आणि उद्या हाय."

सहा महिने संयोगिता खेटे घालत होती. हवालदारानं सांगितलं न्हाय, या पत्रावर सही करणाऱ्यानं सांगितलं न्हाय. तिचे दोन्ही अर्ज या टेबलावरनं त्या टेबलावर फिरत होते आणि मुदत खाली गळून चालली होती.

"हे आधी कुणी का सांगितलं न्हाय?"

"कुणाला कळलंच न्हाय तुमचं काय हाय ते." त्यानं मान खाली घातली. "खालचं वाचलं असतं तर अर्ज त्या टेबलावर टाकला नसता. पण मी तरी विषयच वाचला."

"मग लिहून द्या तुम्ही."

"मला लिहून देता येत न्हाय. पण विचारतो, तुम्ही सांगा. वाट जुनी का नवी?"

"जुनी."

"कुठल्या गटातनं?"

"दोनशे बारा."

"तुम्हाला काय पायजे?"

"उदयसिंहला अद्दल घडाय पायजे!"

"त्याचं टेबल न्हाय आमच्याकडं. काय पायजे?"

ती दात आवळून म्हणाली, "चर बुजवाय पायजे. दगड काढाय पायजेत."

"हां. हेच विषयात."

"आणि माझी म्हस मेली ती?"

"म्हस आत लिहा. तारीख घालून लिहा, डॉक्टरांचं नाव साक्षीदारात घाला. विषयात न्हाय."

कायद्याचं साल आणि कलम त्याच्याकडनं विचारून घेऊन, बाहेरच्या बाकावर बसून तिनं लिहिलं. तीन कागद फाडले. प्रत्येक वेळी 'अन्याय' हा शब्द आपोआप पेनातनं उतरायचा आणि ती चडफडत तो कागद चुरगाळायची. शेवटी मा. तहसीलदारांच्या नावाखाली उभं राहिलं ते असं:

'विषय : गट नं. २१२ मधील पूर्वापार वहिवाटीच्या गाडीरस्त्यावर दि. १५ जून रोजी केलेला अडथळा (चर व दगड) दूर करणेबाबत. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५(२) अन्वये दावा.'

तिनं ते पुन्हा वाचलं. त्यात तिचा चिखल नव्हता, किटल्या नव्हत्या, रडणं नव्हतं. तिला त्या ओळीचाही राग आला.

शुक्रवारी सकाळी सातबारा, गावचा नकाशा आणि कोर्ट फीचं तिकीट लावून, खाली 'वरील मजकूर खरा आहे' म्हणून सही करून तिनं तो दावा खिडकीत सरकवला. अनेकांतनं वरची ओळ वाचली. मान वर न करता शिक्का मारला, कोपऱ्यात दाव्यांचं टेबल लिहिलं आणि म्हणाला, "पोच घ्या. तारीख दिसतेय का बघा." तिनं तारीख दोनदा बघितली. आभार काही मानले नाहीत. त्यानंही वाट बघितली नाही.

पुढं सगळं सरळ झालं. दाव्याला नंबर पडला, उदयसिंहला नोटीस गेली. जानेवारीत स्थळपाहणी झाली. पंचनाम्यात जुन्या चाकोऱ्या निघाल्या आणि डॉक्टरांनी जबाब दिला. उदयसिंहच्या वकिलानं मुदत गेली म्हणून हरकत घेतली, तेव्हा तहसीलदारसाहेबांनी पोचेवरची तारीख पुढं केली. मार्चमध्ये निकाल लागला, की अडथळा काढावा आणि वाट कायम मोकळी ठेवावी. मंडळ अधिकाऱ्यांनी समोर उभं राहून चर बुजवून घेतली.

विश्वजित म्हणाला, "झालं न्हवं? आता सोड राग. भाऊबंद हाय."

"म्हस आण परत, मग सोडते," संयोगिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं किटल्या मोटारसायकलला बांधल्या आणि त्या वाटेनं निघाली. उदयसिंह वाटेला लागून असलेल्या आपल्या अंगणात दात घासत उभा होता. त्याच्या घराच्या पहिल्या कोपऱ्यापाशी तिनं हॉर्नवर अंगठा दाबला आणि डांबरी रस्ता लागेपर्यंत उचलला नाही.