नऊ दिवसांची सरासरी

विमा कंपनीच्या शाखेच्या साहेबांना क्लेमचं रजिस्टर लेकरासारखं प्रिय होतं आणि क्लेम करणारी माणसं अजिबात नकोशी. आरोग्य, वाहन, अपघात, इतर, प्रत्येक प्रकाराची किती रक्कम, किती दिवसांत निकाल, किती नामंजूर, का नामंजूर, सगळं त्यात. अपघात विम्याचे बावीस क्लेम, सरासरी नऊ दिवस. त्यासाठी आज विभागीय साहेब बक्षिसाची ढाल घेऊन आले होते.

रजिस्टर लिहिणाऱ्या बाईंना ती ढाल बघवत नव्हती. महिना उलटायला आला की साहेब क्लेमवर ‘कागद अपुरे’ लिहून तो बंद करायला लावत. बंद म्हणजे नामंजूर नव्हे, त्यामुळे तोही रकाना स्वच्छ. माणूस परत आला की नवा नंबर, नवी तारीख. दिवस पुन्हा एकपासून. असल्या हुशारीला ढाल!

नेमका तेव्हाच एक सुतार काउंटरवर उभा राहिला. करवतीत डाव्या हाताची तीन बोटं गेलेली. तीनदा क्लेम बंद झालेला. प्रत्येक वेळी नवा नंबर मिळेपर्यंत त्याचा अपंगत्वाचा दाखला जुना ठरायचा.

“ताई, महिनाअखेरीला दुकानाचा गाळा सोडावा लागेल. आज तरी होईल का?”

बाई रजिस्टर उचलून थेट केबिनमध्ये शिरल्या.

“साहेब, हे तिन्ही नंबर एकाच क्लेमचे आहेत. पहिल्या तारखेपासून धरले तर दोनशे सत्त्याऐंशी दिवस. सरासरी एकवीसवर जाते.”

साहेबांचा चेहरा उतरला. “बाई, आजच? पुढच्या महिन्यात चौथा नंबर देऊ की त्याला!”

विभागीय साहेबांनी चहाचा घोट घेतला. आता ढाल परत जाणार, असं बाईंना वाटलं.

“अपघातात कशाला धरता?” ते म्हणाले. “‘इतर’ मध्ये टाका. इतरची सरासरी कोण विचारतंय? करा मंजूर, आणि आजचीच तारीख घाला.”

दोघेही हसले. साहेबांनी मंजुरीवर लफ्फेदार सही ठोकली. नऊ दिवस नऊच राहिले, ढाल टेबलावरच राहिली. बाईंना वाटलं, ती उचलून दोघांच्या टाळक्यात हाणावी. पण सही झाली होती. त्या कागद घेऊन बाहेर आल्या.

सुताराने उजव्या हाताने पावतीवर सही केली. दोन आठवड्यांत पैसे खात्यात येतील, हे त्याने दोनदा विचारून घेतलं. मग घड्याळाकडे बघितलं.

“वीस मिनिटं लागली, ताई. मग नऊ महिने कोण अडवून बसलं होतं?”

बाईंनी केबिनकडे बोट दाखवायला हात उचलला. रजिस्टर उघडंच होतं. तिन्ही ओळींवर ‘बंद’ लिहिलेलं होतं, सुबक, गोल, त्यांच्याच अक्षरात.

“मी,” त्या म्हणाल्या.