ज्यांची ओळख, त्यांना विचारून

पुसलेला मसुदा: "सिद्धलिंगअण्णा, चौसाळ्याच्या दूध संस्थेचे चेअरमन सुंदरराव फार चांगले गृहस्थ आहेत."

खोटं. पुसलं.

पाठवलेला मेल: "अण्णा, इथल्या दूध संस्थेला मुरघास हवा आहे. विहिरी आटल्यात, हिरवा चारा नाही. माल संस्थेच्या सभासदांच्या जनावरांसाठी. चेअरमनशी ओळख करून देऊ का? तुमचं नाव त्यांना अजून सांगितलेलं नाही. नको असेल तर नको म्हणा, मला वाईट वाटणार नाही."

माझं चौसाळ्यात पेंडीचं दुकान आहे. सिद्धलिंगअण्णा सांगलीकडे मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, बनवतात. विक्रेत्यांच्या एका मेळाव्यात भेटलेला माणूस, कमी बोलणारा. त्यांचं उत्तर संध्याकाळी आलं. "द्या. पण संस्थेच्या मेलवर. दर सगळ्या संचालकांना दिसू दे."

आता दुसरी बाजू. सुंदररावांना फोन केला.

"मुरघासवाले बोलायला तयार आहेत. संस्थेचं नाव, जनावरांचा आकडा आणि संस्थेचा मेल त्यांना कळवू का?"

"असं इचारायला लागला म्हंजे लगीनच जमवताव की जगदेवीताई!" ते हसले. मागे आणखी दोघं हसले. "कळवा. फक्त मेल संस्थेचा नगं. आमच्या भारतचा घाला."

भारत म्हणजे त्यांचा पुतण्या.

"भारतचा कशाला?"

"त्यानं ट्रेडिंग काढलंय. त्यो घेईल, संस्थेला देईल. मधी जरा हात वले होत्याल. तुमचे बी."

पान चघळण्याचा आवाज फोनमधून थेट कानात येत होता. मी फोन कानापासून लांब धरला, तरी ऐकू येतच होता.

"अण्णांनी हो म्हटलंय ते संस्थेसाठी. भारतसाठी परत विचारावं लागेल."

"त्याला कावून सांगताव? मेल मेलच आस्तो बे!" मग आठवलं असावं की पलीकडे बाई आहे. "म्हंजे ताई."

दुसरा मेल: "अण्णा, बदल आहे. ओळख चेअरमनच्या पुतण्याच्या फर्मशी हवी आहे. तो घेऊन संस्थेला विकणार. चालेल का?"

उत्तर: "नाही. दूध घालणाऱ्या बायकांपैकी कुणी थेट घेणार असेल तर आनंदाने. तिला विचारा."

सुंदररावांना मी एवढंच कळवलं, की समोरचे तयार नाहीत. नाव त्यांनी तीनदा मागितलं. दिलं नाही.

केशरबाईंकडे गेले. बचत गटाच्या अध्यक्ष, संस्थेला दूध घालणाऱ्या. दावणीला दोन म्हशी, बरगड्या मोजता येतील अशा. एक दुकानाच्या पिशवीचा कागद चघळत होती.

सगळं सांगितलं. चेअरमनचं, पुतण्याचं, अण्णांचं. "तुमचं नाव आणि मेल देऊ का?"

त्या म्हणाल्या, "सुंदरराव माझ्या दुधाचं फॅट पाडील, म्हंजे दर पडला. मशीन त्येचं, माणूस त्येचा."

"मग नको देऊ?"

"म्हशी मेल्यावर फॅट कशाचं पाडतो?" त्यांनी म्हशीच्या तोंडातला कागद ओढून काढला. "घाल माझं नाव. नवऱ्याचं नगं घालू. आन् नातीच्या फोनवर येऊ दे, ती वाचून दावती."

तिसरा मेल, दोघांना एकत्र: "सिद्धलिंगअण्णा, या केशरबाई. गटातल्या बारा घरांसाठी मुरघास हवा आहे. केशरबाई, हे सिद्धलिंगअण्णा, मुरघास बनवतात. दोघांनी हो म्हटलंय म्हणून जोडून देते. पुढचं तुम्ही बोला."

केशरबाईंचं उत्तर तासाभरात गेलं. पहिल्या ओळीत माझे आभार, आणि नातीने मला बीसीसीत टाकलेलं. पुढचं बोलणं मला दिसणार नव्हतं. तसंच हवं.

मुरघासाची गाडी आली. गावाच्या वेशीतच आंबूस वास सुटला आणि बारा दावणींवर जनावरं उभी राहिली.

चौथा मेल नाही. दूध केंद्र.

सकाळची रांग. सुंदरराव खुर्चीवर, पायाशी पिंकदाणी. मला पाहून उठले, हात जोडले. रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ताई, माझ्या सभासदाची भायेरच्या माणसाशी गाठ घालून दिली. मला इचारलं का? तुमी तर इचारल्याबिगर काई करत न्हाईत म्हणं!"

रांग हसली. बचत गटातल्या दोघी होत्या त्याही हसल्या. काल त्यांनी मुरघासाच्या पिशव्या डोक्यावरून घरी नेल्या होत्या.

"ज्यांची ओळख करून दिली, त्यांना विचारलं," मी म्हटलं.

"बरं, बरं." ते बसले. थुंकले. थेंब माझ्या चपलेवर उडाला.

केशरबाईंची पाळी आली. मशीनवरच्या माणसाने आकडा सांगितला. म्हशीच्या दुधाला पाणी घातल्यासारखा फॅटचा आकडा.

"परत घ्या हे," सुंदरराव म्हणाले. "भेसळीचं दूध संस्था घेत न्हाई."

केशरबाईंनी कॅन उचलला. मागच्या सगळ्या जणांकडे त्यांनी एकदा पाहिलं. कुणी चपलांकडे बघत होतं, कुणी आपल्या कॅनचं झाकण घट्ट करत होतं.

त्या गेल्या.

त्यांच्या जागेवर क्षणभर फट राहिली. मग गटातली एक पुढे सरकली, आणि फट बुजली.