दसऱ्याच्या पाटावरची पोथी

आमच्या मुलुंडच्या घरी दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या पाटावर सर्वांत वर एक लाल वस्त्राचे गाठोडे ठेवले जाते. ते पाच पिढ्यांपूर्वीच्या रघुनाथभटांचे. मुंबईस राहून त्यांनी गीतेवर भाष्य रचले, त्याची ही पोथी, असे मी वडिलांकडून ऐकले आणि पुढे मुलाला सांगितले. पोथी सोडायची नाही. हळदकुंकू वाहून पुन्हा फडताळात ठेवायची, हा कुळाचार. अडतीस वर्षे मी संस्कृत शिकवले. त्या विद्येचे मूळ या गाठोड्यात आहे अशी माझी श्रद्धा होती, म्हणून ते उघडण्याचा मोह मला कधी झाला नाही.

यंदा मात्र आमचा कुलवृत्तांत छापून निघायचा होता. संपादक मी, आणि मंडळाचा अध्यक्ष माझा घाटकोपरचा चुलतभाऊ नंदकिशोर. अष्टमीच्या सकाळी त्याचा फोन आला.

"देवव्रत, मुखपृष्ठावर त्या पोथीचं पहिलं पान हवं. नुसतं फडकं छापून काय करू? छापखानेवाला दसऱ्याला मशीन लावतोय. सकाळी आठच्या आत शेवटचं मुद्रित तपासून पाठव. तुझ्या सहीशिवाय तो हात लावणार नाही."

स्नान करून, सोवळे नेसून मी गाठ सोडली. सूनबाई शर्मिष्ठा फोटो घेण्यासाठी शेजारी उभी होती. आत पोथीची लांबट पाने नव्हतीच. जाड, पिवळे पडलेले मोठे ताव होते, एका बाजूस छापलेले, दुसरी बाजू कोरी. छापील बाळबोध अक्षरांच्या ओळींमध्ये आणि समासात तांबूस शाईने बारीक मोडी लिहिलेली होती. पहिल्याच तावावर येशूचे नाव होते.

"बाबा, हे भाष्य नाही," शर्मिष्ठा हळूच म्हणाली.

मी वस्त्र पुन्हा गुंडाळले, गाठ मारली, आणि मग ती गाठ नीट बसली नाही म्हणून पुन्हा सोडली. त्या दिवशी माझे जेवण झाले नाही. संध्याकाळी कांजूरमार्गाकडून कचऱ्याचा वास येऊ लागला तशा खिडक्या लावल्या, आणि बंद घरात मी देवघरापासून दारापर्यंत फेऱ्या घालत राहिलो. रघुनाथभटांना मुंबईहून परतल्यावर प्रायश्चित्त घ्यावे लागले होते, हे आम्हांस ठाऊक होते. परस्थळी अन्नाचे नियम पाळले गेले नसतील, एवढाच अर्थ आम्ही लावला होता.

नवमीला शर्मिष्ठेने तिच्या महाविद्यालयातल्या सहकारी रुचिराला आणले. ती मूळची नगरकडची, पाच पिढ्यांची ख्रिस्ती. बायबलच्या मराठी भाषांतराची नवी सुधारणा चालू आहे, त्या समितीत ती काम करते. तिने चपला बाहेर काढल्या आणि ताव पाहण्यापूर्वी हात धुऊन घेतले. हे मला बरे वाटले, आणि बरे वाटल्याचा संकोचही वाटला.

"काका, ही प्रुफं आहेत," ती म्हणाली. "मिशनच्या छापखान्यातली. ताव ओला करून शिशाच्या खिळ्यांवर एकाच बाजूने दाबून काढायचे. मिशनरी साहेब मूळ ग्रीकवरून कच्चं मराठी करायचे, पंडित ते मोठ्याने वाचून सुधारायचे. छापून आल्यावर पुन्हा त्यांच्याचकडे. इथे बघा, मात्रा वर सरकलीय. अक्षर वेगळं ओतलेलं, मात्रा वेगळी, उकार वेगळा. एका ओळीसाठी तीन थर जुळवायचे. एक शब्द बदलायचा म्हणजे टोच्याने तेवढे खिळे उपसून पुन्हा ओळ आवळायची."

"म्हणजे पंडितानं फुकट छळलंच म्हणायचं खिळे जुळवणाऱ्याला," शर्मिष्ठा म्हणाली. "एवढे बदल!"

"शाईत चरबी असते या समजुतीनं कित्येक शास्त्री छापील कागद शिवत नसत," मी म्हणालो.

"यांनी शिवलेत ना," रुचिरा म्हणाली. "कोपऱ्यावर अंगठा उमटलाय."

मोडी त्या दोघींना येत नव्हती. म्हणून ताव मीच हाती घेतला आणि आधी छापील मजकूर मोठ्याने वाचू लागलो. हरवलेल्या मेंढराची गोष्ट होती. मी 'मेषपाल' असे वाचले, तोच रुचिरा म्हणाली, "मेंढपाळ."

"छापलेलं मेषपाल आहे."

"असेल. आम्ही मेंढपाळच म्हणतो."

मी वर पाहिले. 'मेषपाल'वर तांबडी रेघ होती आणि वर मोडीत लिहिले होते: मेंढपाळ.

पुढच्या ओळीत मी 'अन्वेषण' वाचले. ती तावाकडे न पाहता म्हणाली, "शोध." वर मोडीत 'शोध' होते. मग मी वाचायचो आणि ती तोंडपाठ सांगायची, असे कितीतरी वेळ चालले. माझ्या संस्कृत शब्दांवर ओळीमागून ओळ रेघ होती, आणि जे वर लिहिलेले होते ते पाणवठ्यावरच्या बाईने म्हणावे असे होते. ते तिच्या तोंडी जसेच्या तसे होते.

एका जागी 'स्नान' खोडले होते. समासातला शेरा मी दोनदा मोठ्याने वाचला. "स्नान म्हटल्यास लोक पर्वणीचे स्नान समजतील. साहेबांचा तो विधी वेगळा आहे. त्यास आमचा शब्द देऊ नये, मूळचाच बाप्तिस्मा ठेवावा."

रुचिराने त्या शेऱ्याखाली बोट ठेवले. "त्या एका शब्दापायी आमच्या खापरपणजोबांना घर सोडावं लागलं," ती म्हणाली. "स्नानच असतं तर कुणी विचारलंही नसतं."

"म्हणजे कुंपण आमच्या माणसाने घातले."

"दारही त्यांनीच ठेवलं, काका. साहेबाच्या पहिल्या मराठीतली एक ओळही आमच्या आजीला कळली नसती."

ती गेल्यावर मी तावांकडे पाहत बसलो. सुटे शब्द, स्वल्पविराम, पूर्णविराम. आमच्या जुन्या पोथ्यांत शब्द एकमेकांना चिकटून धावतात, आणि मी मात्र आयुष्यभर जे मराठी गद्य वाचत आलो, त्याची बैठक अशाच तावांवर बसत गेली होती. भाष्य नसल्याचे दुःख होतेच. त्याहून अधिक टोचत होते ते हे, की त्यांना संस्कृत येत होते आणि तरीही त्यांनी ते खोडले.

मी नंदकिशोरला सर्व सांगितले.

"छापू नकोस," तो म्हणाला. "घरात पोरींची लग्नं व्हायचीयत. लोक म्हणतील, हे भट की पाद्री? 'भाष्यपोथी' राहू दे. फडक्याचाच फोटो टाकू."

"मग पाटावर काय ठेवायचे?"

"फडकंच. आजवर कुणी सोडलं होतं?"

"मी सोडले. आता संपादक म्हणून माझे नाव खाली असताना मला ते लिहवणार नाही."

"मग नाव काढतो तुझं."

"काढ. पण मग सहीही तुझी लागेल, आणि मुखपृष्ठाचे पान माझ्याकडे आहे."

त्याने फोन ठेवला.

दसऱ्याच्या सकाळी सात वाजता मी कुलवृत्तांताचे मुद्रित समोर घेतले. 'गीताभाष्याचे कर्ते' यावर तांबड्या शाईने रेघ मारली. वर लिहिले: 'मिशनच्या छापखान्यात बायबलच्या मराठी भाषांतराचे पंडित, यांनी सुचविलेले शब्द आजही प्रार्थनेत म्हटले जातात.'  सही केली, आणि मेंढपाळाच्या तावाच्या फोटोसह शर्मिष्ठेने ते पाठवून दिले.

मग ताव उघडेच पाटावर मांडले.

नंदकिशोर दरवर्षीप्रमाणे आपट्याची पाने घेऊन आला. पाठवले का, असे त्याने विचारले. पाठवले, मी म्हणालो. तो पाटासमोर उभा राहिला. बसेना, जाईना.

"कुठलं पान वर ठेवलंयस?"

"मेंढपाळाचे."

"बारीक लाल अक्षर त्यांचं?"

"त्यांचेच."

त्याने तबकातले झेंडूचे फूल उचलले. छापील ओळींना पाकळीही लागू न देता, वाकून, अगदी जपून त्याने ते समासातल्या मोडीवर ठेवले, आणि नमस्कार केला. मग शर्मिष्ठेकडे वळून म्हणाला, "चहा टाक गं. आणि त्या छापखानेवाल्याचा नंबर दे मला. अध्यक्ष म्हणून माझंही नाव आहे त्यावर. अक्षर नीट उठलंय का, ते तरी बघून येतो."