पिवळं बदक

"वयनी, कागद फाडून बघत जा. आत काय हाय ते कळल्याशिवाय पुढं देऊ नको," नणंद प्रेमा माझ्या ईशानच्या जावळाच्या दिवशीच म्हणाली होती. मी हसण्यावारी नेलं. आमच्याकडे जावळाला आलेल्या भेटी रंगीत कागदासकट कपाटावर चढतात आणि पुढच्या कुणाच्या कार्याला खाली उतरतात. फाडलेली भेट कुणाला देणार?

काल शहापूरला ईशानसाठी खेळणं आणायला गेले. वर्षाचा झालाय, हाताला लागेल ते तोंडात. साईनाथच्या दुकानात खोकी उलटसुलट करत बसले. लाकडी गाडीवर नुसतंच 'बिनविषारी रंग' छापलेलं, आयएसआयची खूण नाही. ती परत ठेवली. लाकडी कड्यांच्या खोक्यावर खूण होती, वय 'बारा महिन्यांपुढे', रंगाचंही लिहिलेलं. खुणेखालचा परवाना क्रमांक मोबाइलवर तपासला, कंपनीचं नाव जुळलं.

"ताई, आता रंग चाटून पण बघा," साईनाथ म्हणाला.

"चाटणारा घरी आहे," मी म्हटलं.

घरी आले ती कपाटावरच्या भेटींची शंका घेऊनच. त्यातली एक काढून कागद फाडला. गाणारं पिवळं बदक. बनवणाऱ्याचं नाव नाही, आयएसआय नाही, फक्त तान्ह्या बाळाच्या चेहऱ्याचं चित्र आणि त्यावर तिरकी रेघ, म्हणजे तीन वर्षांखाली देऊ नका. पोटाखालच्या झाकणाला स्क्रूच नव्हता. नख लावलं आणि बटणासारखा चपटा सेल माझ्या मांडीवर पडला.

मिस्टरांच्या आत्याबाईंनी जावळाला अशी दोन आणली होती.

"आई, दुसरं कुठंय?"

"वाडीवरच्या वेणूच्या जिवलीला दिलं. वीटभट्टीवर कामाला चालले व्हते, पोर टकमक बघत व्हती," सासूबाई म्हणाल्या. "काय वाईट केलं गो? तूच बोललीस ना, कपाट रिकामं करा."

"आई, हा सेल पोरानं गिळला तर घसा आतून जळतो. दोन-तीन तास पुरतात."

जिवली दीड वर्षाची आहे.

तशीच शेणव्याच्या वाडीवर गेले. वेणूच्या झोपडीला कुलूप. शेजारची जनाबाई म्हणाली, "मुकादमानं टेम्पोत घालून नेलं, मुरबाडकडं. भट्टी कुठली ते आमाला नाय ठाव." वेणूच्या नवऱ्याचा, अजयचा फोन बंद. माझे मिस्टर भगीरथ सकाळपासून मोटारसायकलवर भट्ट्या धुंडाळतायत. अजून पत्ता नाही.

मुरबाडच्या बाजूला तुमच्या गावाजवळ वीटभट्टी असेल तर एवढं करा. वेणू-अजयची जिवली तिथं आहे का, विचारा. हातातलं पिवळं बदक काढून घ्या आणि पोटाखालचं झाकण बघा. आत सेल नसेल तर ती खेळतेय, हसतेय म्हणून थांबू नका, तिला सरळ मोठ्या दवाखान्यात न्या. वेणू घाबरेल. तिला माझं नाव सांगा, अंजूनं पाठवलंय म्हणून.