कोरी ठेवलेली चौकट

घेतलेली वस्तू परत करायची सवय युरानीला नाही. माझी नात आहे म्हणून झाकून ठेवणार नाही. शेजारच्या रोसाल्बाचा किसणीचा पत्रा पावसाळाभर आमच्याकडे गंजत पडला होता, मामीची छत्री हिने बसमध्ये घालवली, आणि विचारलं तर म्हणते, "देणारच होते, आजी." देणारच होते हे हिचं आवडतं वाक्य. मी तिला म्हणायचे, तुझ्या थडग्यावर तेच कोरू. ती हसायची. तिच्या दातांसाठी मी दोन वर्षं डॉक्टरकडे खेटे घातलेत, त्यामुळे हसणं छान आहे.

एनेइदाची वहीही तिने अशीच घेतली होती.

एनेइदा आमच्या खालच्या उतारावर राहते. आई नाही, दोन लहान भाऊ आहेत. युरानीच्याच वर्गात, नववीत. ऑक्टोबरात आमच्या डोंगरावर कॉफी लाल होते तेव्हा ती एक वाजता शाळेतून निघायची, भावांना वाढायची आणि कमरेला टोपली बांधून माझ्या मळ्यात यायची. हात चांगला आहे पोरीचा. हिरवं फळ टोपलीत आलेलं मी कधी पाहिलं नाही. आणि प्रश्न विचारायची. तोडताना, निवडताना, गुळाचं पाणी पितानाही. मी शाळेत दोनच वर्षं गेले, सही करते आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव लावून वाचते. मला असं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून सांगत गेले. ती मागच्या पायरीवर बसून वहीत उतरवून घ्यायची.

त्याच वर्षी विल्मर सरांनी वर्गाची विकी काढली. युरानीने मला समजावलं ते असं: संगणकावरची एक वही, पण सगळ्या वर्गाची. प्रत्येकाने आपापल्या वहीतलं आणून तिच्यात घालायचं. एका विषयाला एकच पान. सुरुवातीला पोरांनी घोळच घातला. कॉफीचे सोललेले दाणे टाकीत आंबवून धुण्याबद्दल सहा जणांनी सहा पानं काढली, एकाने त्याला टाकी म्हटलं, दुसऱ्याने धुणं. सरांनी सहाही पानं एकात ओतायला लावली, आणि जुनं नाव शोधलं तरी माणूस त्याच पानावर जाऊन पोचेल अशी सोय केली. मग पुठ्ठ्यावर नियम लिहून भिंतीला लावले. नवं पान काढण्याआधी ते आहे का बघा. दुसऱ्याची ओळ खोडायची तर का खोडली ते पानामागच्या चर्चेत लिहा. दोघांचं जुळत नसेल तर दोन्ही ठेवा, कुणाकडून कळलं तेही लिहा. आणि जतन करण्याआधी खाली एक छोटी चौकट येते, तिच्यात काय बदललं आणि कुणाच्या वहीतून आणलं ते भरा.

नियम वाईट नव्हते. आमच्या सोसायटीत एवढे असते तर निम्मी भांडणं टळली असती.

पण शाळेत संगणक सहा, पोरं सव्वीस, आणि ती खोली दुपारी दोनला उघडायची. दोन वाजता एनेइदा माझ्या मळ्यात असायची. एकदा तिने विचारलं होतं, युरानीच्या संगणकावर संध्याकाळी अर्धा तास बसू का. तो संगणक मी दोन पिकांच्या पैशातून घेतला होता. तिच्या बोटांना फळांचा चिकट रस होता. मी म्हटलं, "हात धुवून ये, मग बघू." ती हात धुवून आली तेव्हा युरानी संगणकाशी बसलेली होती, आणि मी तिला उठवलं नाही. पुन्हा तिने विचारलं नाही. युरानीच म्हणाली, वही दे, मी घालते तुझं.

नोव्हेंबरात बातमी आली. खाली शहरात कॉफीची तंत्रशाळा आहे, राहणं-खाणं फुकट, तीन वर्षांनी हातात प्रमाणपत्र. आमच्या शाळेकडून एकच नाव जायचं. सरांनी ठरवलं, विकीत ज्याचं काम सगळ्यांत चांगलं त्याचं नाव. ते यंत्र प्रत्येकाच्या नावापुढे त्याने केलेले सगळे बदल दाखवतं म्हणे. नाव युरानीचं गेलं. मी रविवारी चर्चबाहेर तीन बायकांना सांगितलं, आणि चौथी ऐकत नव्हती तर तिला परत सांगितलं.

आठवड्याने पालकांना शाळेत बोलावलं. भिंतीवर पान मोठं करून दाखवत होते. विल्मर सर तरुण आहेत, साधे आहेत, सगळ्यांना खूश ठेवायला बघतात. मला पुढच्या बाकावर बसवून, आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला लावतात तसं दोन्या लावून म्हणाले, "दोन्या ओतिलिया, हे पान तर तुमचंच आहे." आणि वाचू लागले. आंबवणं घड्याळावर मोजायचं नाही. थंडीत रात्र पुरत नाही, उन्हाळ्यात रात्र जास्त होते. काठी दाण्यांच्या राशीत खुपसून बाहेर काढा. भोक तसंच राहिलं तर धुवायला घ्या, भरून आलं तर थांबा. मूठभर दाणे हातात चोळा, खड्यांसारखे वाजले पाहिजेत. आणि शेवटी: माझ्या आजीने सांगितलं.

बायका टाळ्या वाजवायला लागल्या. मी नाही वाजवल्या.

शब्द माझेच होते. काठीचं, भोकाचं, खड्यांचं. पण युरानीने मला कॉफीतलं आयुष्यात काही विचारलेलं नाही. टाकीजवळ गेली तर नाक धरते. हे मी मागच्या पायरीवर बसून सांगितलं होतं, आणि समोर कोण बसलं होतं ते मला माहीत होतं.

एनेइदा शेवटच्या बाकावर होती. मी मान वळवून पाहिलं. ती भिंतीवरचं पान वाचत होती, ओठ हलवत, सावकाश. रागावलेली दिसत नव्हती. आपली वस्तू दुसऱ्याच्या अंगणात वाळत घातलेली दिसावी तशी बघत होती.

घरी आल्यावर मी युरानीला हाक मारली नाही. तिच्या गादीखाली हात घातला. निळ्या पुठ्ठ्याची वही, कोपऱ्यांना कॉफीचा डाग. आंबवण्याच्या पानावर काठीची तीच ओळ, आणि शेवटी जपून काढलेली अक्षरं. मी एकेक अक्षर लावत वाचलं: दोन्या ओतिलियांनी सांगितलं, मागच्या पायरीवर.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन शाळेत गेले. सरांना म्हटलं, तुमची ती संगणकावरची वही मागे जाऊन दाखवते ना, कुणी कधी काय लिहिलं, दाखवा. ते म्हणाले, हो, प्रत्येक पानाचा इतिहास राहतो, काहीच पुसलं जात नाही. उघडलं. एकाच दुपारी, पाऊण तासात, युरानीचे अकरा बदल. आंबवणं, वाळवणं, पानावरचा तांबेरा, फळातली कीड. मी विचारलं, आणि ती छोटी चौकट? सरांनी बोट फिरवलं. अकराही ठिकाणी कोरी. मग त्यांनी वही उघडून शेजारी धरली आणि एक पान, दुसरं पान ताडून पाहिलं. तिसऱ्याला त्यांनी चष्मा काढला.

"मला वाटलं, घाईत राहिली असेल," सर म्हणाले.

"अकरा वेळा?"

"दोन्या ओतिलिया, यंत्र कोणी टंकलं ते सांगतं. कोणाच्या डोक्यातलं ते सांगत नाही. त्यासाठीच ती चौकट होती."

"मग कोरी चौकट तुम्ही चालवून कशी घेतलीत?"

त्यांनी भिंतीवरच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नाही, पण पुठ्ठ्यावर नियम लिहिला की तो पाळला जातो असं त्याला वाटतं.

त्यांनी तिथल्या तिथे प्रत्येक पानावर लिहिलं, हे एनेइदाच्या वहीतून, आणि "माझ्या आजीने" बदलून माझं नाव घातलं. खालच्या चौकटीत का बदललं तेही लिहिलं. मग तंत्रशाळेला फोन लावला. मी समोरच बसले होते. पलीकडची बाई सौम्य आवाजात बोलत होती. नावं भरून झाली. आता बदल होत नाही. नाव आलेली मुलगी येणार नसेल तर जागा दुसऱ्या गावाच्या यादीतल्या पोराला जाईल, आमच्या शाळेला परत मिळणार नाही.

वही द्यायला मी स्वतः उतारावरून खाली गेले. एनेइदा चुलीवर मक्याची भाकरी उलटत होती. मी सांगितलं, पानांवर आता तुझं नाव आहे, जागा मात्र गेली. युरानीला जाऊ देणार नाही असंही सांगितलं. मला वाटलं, पोरीला बरं वाटेल.

तिने वही घेतली, कपड्याला हात पुसून. म्हणाली, "ती नाही गेली तर मला काय मिळणार आहे, ओतिलिया आजी?"

मी चुलीतलं लाकूड आत सारलं.

मग ती म्हणाली, "त्या दिवशी मी हात धुतले होते."

वर चढताना मी तीनदा थांबले. गुडघ्यांमुळे, असं वाटेत भेटलेल्याला सांगितलं.

युरानी आत सामान बांधत होती. नवे बूट, नवी चादर, संगणक टॉवेलात गुंडाळलेला. सरांनी तिला सगळं सांगितलं होतं बहुतेक, कारण डोळे सुजलेले होते. माझ्याकडे न बघता म्हणाली, तिला वेळ नव्हता म्हणून मी घातलं, आजी, नाव नंतर लिहिणारच होते.

मी संगणक टॉवेलातून काढून टेबलावर ठेवला. उद्यापासून रोज दुपारी टोपली बाजूला ठेवून एनेइदा इथे बसेल, आणि तिच्या वाटणीच्या ओळींतली फळं मी तोडीन. हे मी युरानीला सांगितलं नाही. तिला एवढंच सांगितलं:

"जा तू. तू नाही गेलीस तरी जागा तिला मिळत नाही, म्हणून जा. पण तिथे कुणी विचारलं की हे तुला कोणी शिकवलं, तर माझं नाव घेऊ नकोस. मी तुला काही शिकवलेलं नाही, युरानी. तू कधी विचारलंच नाहीस. ज्या पोरीने विचारलं, तिला मी दारात उभं ठेवलं, आणि तू तिची वही गादीखाली घालून झोपलीस. माझं मी फेडीन. तुझं तू बघ."